अंधारात टिपलेले शब्द

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९३२ साली, याच शहरात यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींच्या संपादनाखाली 'महाराष्ट्र शब्दकोशा'चा पहिला विभाग प्रसिद्ध झाला होता. सातवा विभाग १९३८ मध्ये बाहेर पडला. या मधल्या वर्षांत प्रभातच्या कारखान्यातून 'अमृतमंथन' (१९३४), 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७) हे बोलपट निघाले. एकाच शहरात, एकाच काळात मराठी शब्दांची दोन कामे चालू होती. एका ठिकाणी शब्द आपापल्या गोष्टींतून उचलून अकारविल्हे लावले जात होते, तर दुसऱ्या ठिकाणी तेच शब्द पुन्हा गोष्टीत सोडून दिले जात होते. या दोन कामांचा एकमेकांशी काही व्यवहार होता, असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या काळचा प्रेक्षक अनोळखी शब्द कसा शिकला, हे पाहायचे तर दोन्हींकडे एकदमच पाहावे लागते. कारण शब्द त्याला भेटला तो थिएटरच्या अंधारात, आणि कोश होता तो घरी किंवा वाचनालयात, उजेडात. या दोहोंमधल्या अंतरातच शब्द शिकण्याची एक पद्धत दडलेली आहे, असे आम्हांस वाटते.

हे अंतर भरून काढणारी एक वस्तू त्या काळी थिएटरच्या दारातच मिळे. ती म्हणजे चित्रपटाची पुस्तिका. आठ-दहा पानांची ही चोपडी आज जुन्या रद्दीत क्वचित सापडते. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने अशा पुस्तिका मोठ्या संख्येने जतन केल्या आहेत. त्यांचा साचा ठरलेला असे. आरंभी नटनट्यांची नावे, मग कथेचा गोषवारा आणि शेवटी सगळ्या गाण्यांचे शब्द. गोषवारा पुष्कळदा एकाहून अधिक भाषांत असे आणि ऐन कळसाच्या जागी येऊन थबके. पुढचे पडद्यावर पाहावे, अशी विनंती वाचकास केलेली असे. संवाद मात्र पुस्तिकेत नसत.

ही रचना विक्रीच्या सोयीसाठी झाली होती हे उघड आहे. पण भाषा शिकणाऱ्याच्या नजरेने पाहिली तर ती मोठी सूज्ञ ठरते. गोष्टीचा सांगाडा आणि पात्रांची नावे आधीच हाती पडत, त्यामुळे खेळ सुरू झाल्यावर कोण कोणाचा कोण हे उलगडण्यात कानाची शक्ती खर्च होत नसे. शेवट ठाऊक नसल्यामुळे लक्ष गोष्टीवरच राही. गाण्याचे शब्द छापील स्वरूपात हाताशी असत, परंतु खेळ चालू असताना ते वाचता येत नसत, कारण दिवे मालवलेले असत. ते मध्यंतरात वाचायचे, नाही तर घरी गेल्यावर. म्हणजे आधी कानाने शब्द ऐकायचा, अर्थ गोष्टीतून अदमासाने लावायचा आणि मग छापील रूपाशी ताडून पाहायचा, हा क्रम अंधारानेच घालून दिला होता. गोष्ट थांबवण्याची सोय कोणाच्याच हाती नव्हती.

या क्रमाचे महत्त्व गाण्याच्या बाबतीत विशेष जाणवते, कारण मराठीत गायलेला शब्द आणि बोललेला शब्द यांच्यात एक नेमका फरक पडतो. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गाळतो. 'वाट' हा शब्द लिहिताना दोन अक्षरांचा असला तरी उच्चारताना शेवटचा 'ट' आपण अर्धाच म्हणतो. ओवीत, अभंगात, एकूणच गाण्यात मात्र तो गाळलेला 'अ' परत येतो आणि सुराबरोबर लांबतोही. मग मराठी नव्याने शिकणाऱ्याच्या कानाला 'वाट' ऐवजी 'वाटा' ऐकू येते. आता 'वाटा' म्हणजे अनेक वाटा की हिस्सा, या शंकेत तो पडतो, आणि मूळ शब्द साधा 'वाट' होता हे त्याच्या ध्यानातही येत नाही. 'राम' आणि 'रामा', 'देव' आणि 'देवा' यांतही हाच घोटाळा होतो. संबोधन कोणते आणि मूळ नाम कोणते ते कळेनासे होते. ही चूक कान कितीही तयार असला तरी केवळ ऐकून दुरुस्त होत नाही. तेथे छापील पुस्तिकाच लागते.

उलट काही गोष्टी अशा आहेत की ज्या छापील अक्षर कधीच सांगू शकत नाही. 'जरा' हा शब्द घ्या. 'थोडेसे' या अर्थाचा 'जरा' आपण दंततालव्य 'ज'ने उच्चारतो, तर 'वार्धक्य' या अर्थाच्या 'जरा'मधला 'ज' शुद्ध तालव्य असतो. लिपीत दोन्ही एकच. 'च' आणि 'झ' यांचीही तीच कथा. पुस्तक वाचून मराठी शिकलेल्या परभाषकाला हा भेद वर्षानुवर्षे साधत नाही, आणि गाणे ऐकून शिकलेल्याला तो आपण शिकलो हे कळतही नाही, इतक्या सहज साधतो. तात्पर्य, गाण्यातला शब्द पुरता हाती यायचा तर कान आणि अक्षर दोन्ही हवेत. प्रश्न एवढाच उरतो की कोणी आधी यायचे आणि किती वेळाने.

प्रभातच्या चित्रपटांनी तर प्रेक्षकाला न समजणाऱ्या शब्दांसमोर मुद्दामच बसवले होते. 'कुंकू'मध्ये शांता आपटे यांनी साकारलेली नीरा लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक कविता इंग्रजीतच गाते. 'माणूस' (१९३९) मधली मैना, म्हणजे शांता हुबळीकर, एकाच गाण्याची कडवी निरनिराळ्या भारतीय भाषांत आळवते. सर्वच प्रेक्षकांस या भाषा येत असणे शक्य नव्हते. तरीही 'माणूस'मधले ते गाणे घरोघर गुणगुणले गेले, कारण ध्रुवपदाचा भाव मराठीतून आधीच पोचला होता आणि त्याच चालीवर दुसऱ्या भाषेतले शब्द आले तेव्हा ते कशाविषयी आहेत हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. अनोळखी शब्दाला ओळखीच्या चालीचा आधार मिळाला की गोष्ट अडत नाही. पुढे कधी तरी त्या कडव्याचा अर्थ कळतो, आणि तोवर त्याचा उच्चार जिभेवर बसलेला असतो.

दूरचित्रवाणीच्या काळात पुस्तिका गेली आणि तिची जागा घेण्यास बराच अवधी लागला. सबटायटल होते, पण ते परभाषेचे. परभाषेतल्या सबटायटलचा हेतू गोष्ट समजावी हा असतो, शब्द शिकवावा हा नसतो, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. ते सहसा दोन ओळींपेक्षा मोठे नसते, आणि भरलेल्या दोन ओळी पडद्यावर सुमारे सहा सेकंद टिकतात. तेवढ्यात वाचून व्हावे म्हणून संवादातले पुष्कळसे गाळावे लागते. मराठीपुरते पाहिले तर सर्वांत आधी बळी जातात ती संबोधने. 'अहो', 'अगं', 'अरे' यांना इंग्रजीत जागाच नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' हे तिन्ही एकाच शब्दात बुडतात. नणंद, जाऊ, वहिनी आणि मेहुणी यांना इंग्रजीत एकच नाव आहे. मराठी कौटुंबिक चित्रपटातले अर्धे नाट्य या शब्दांच्या निवडीत असते. पत्नी नवऱ्याला कोणत्या क्षणी 'अहो' म्हणायचे सोडते, यावर एखादा प्रसंग उभा असतो. तळाच्या दोन ओळी वाचणाऱ्याला प्रसंग कळतो, पण तो ज्या शब्दावर उभा आहे तो शब्द दिसत नाही.

ही उणीव ज्यांना स्वतः शिकताना जाणवली आणि ज्यांनी तिचे काही केले, त्यांत ब्रिज कोठारी यांचे नाव घेतले पाहिजे. १९९६ साली ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करीत होते आणि स्पॅनिश शिकत होते. पेद्रो अल्मोदोवार या दिग्दर्शकाचा एक स्पॅनिश चित्रपट पाहताना, सबटायटल इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्येच असते तर ऐकू येणारा शब्द नीट पकडता आला असता, असे त्यांच्या मनात आले. तेथून त्यांचे मन हिंदी गाण्यांकडे वळले. भारतात कोट्यवधी लोक असे आहेत की जे शाळेत गेले पण सफाईने वाचू शकत नाहीत, आणि तरीही शेकडो गाणी त्यांना पाठ असतात. गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्याखाली दिले आणि जो शब्द गायला जात आहे त्याचा रंग त्या क्षणी बदलला, तर वाचनाचा सराव आपोआप होईल, ही ती कल्पना. पुढे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत त्यांनी ती विकसित केली. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवरील गुजराती 'चित्रगीत' कार्यक्रमात ती आली आणि नंतर 'चित्रहार' व 'रंगोली' या राष्ट्रीय कार्यक्रमांतही वापरली गेली. २०१३ पासून झी टॉकीज या वाहिनीवर मराठी चित्रपटांना मराठीच सबटायटल देण्याचा प्रयोगही याच प्रयत्नांतून झाला.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा लागतो. कोठारी यांच्या योजनेतला प्रेक्षक गाण्याचा शब्द कानाने आधीच जाणतो. त्याला अक्षर शिकायचे असते. भाषा नव्याने शिकणाऱ्याला अक्षर येते, शब्द येत नसतो. दोघांची वाट उलट दिशांची आहे. तथापि दोघांनाही उपयोगी पडते ती एकच गोष्ट: ऐकू येणारे आणि दिसणारे एकाच भाषेत असणे. 'वाट' आणि 'वाटा' यांचा घोटाळा मिटवणारी जुनी पुस्तिका जणू पडद्यावरच येऊन बसली. फरक इतकाच की आता ती अंधारातही वाचता येते, आणि म्हणून डोळा कानाच्या पुढे धावण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरा धोका त्याहून मोठा आहे, आणि तो म्हणजे चित्रपट थांबवण्याचे बटण. घरी पाहणारा विद्यार्थी शब्द अडला की चित्रपट थांबवतो, कोश उघडतो, अर्थ लिहून घेतो आणि पुढे जातो. यात काय बिघडते ते एका हिशोबाने पाहता येईल. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स या अभ्यासकांनी २००९ साली ३१८ इंग्रजी चित्रपटांची शब्दगणना प्रसिद्ध केली. विशेषनामे वगळता सुमारे तीन हजार शब्दकुले ज्याला येतात त्याला चित्रपटातले ९५ टक्के शब्द परिचित असतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आता समजा, एका चित्रपटात दहा हजार शब्द बोलले जातात. म्हणजे बऱ्यापैकी तयारीच्या या प्रेक्षकालाही पाचशे वेळा अनोळखी शब्द ऐकू येणार. पाचशे वेळा थांबलेली गोष्ट ही गोष्ट राहत नाही, आणि गोष्ट नाहीशी झाली की शब्दाचा अदमास बांधण्याचे एकमेव साधनही जाते.

यावर आम्ही वर्गात जी रीत अवलंबतो ती पुस्तिकेच्या काळापासून उसनी घेतलेली आहे. आधी गोषवारा वाचायचा, पण शेवट नाही. पात्रांची नावे आणि नाती फळ्यावर लिहायची. मग दिवे मालवून चित्रपट सलग पाहायचा. प्रत्येकाकडे पेन्सिल आणि कागदाचा एक चतकोर असतो, वही नसते. अनोळखी शब्द कानाला जसा लागला तसा, चुकीचा असला तरी, लिहायचा आणि शेजारी प्रसंगाची एकच खूण करायची: 'घड्याळ', 'पंगत', 'पत्र' अशी. अर्थ लिहायचा नाही. पडद्यावरची नजर काढावी लागत असेल तर तो शब्द सोडून द्यायचा. दोन तासांत दहा-बारा शब्द पुष्कळ झाले. जो शब्द गोष्टीला खरोखर हवा असतो तो पुन्हा येतोच, आणि जो पुन्हा येत नाही तो सुटला म्हणून फारसे बिघडत नाही. दिवे लागल्यावर, कोश न उघडता, प्रत्येक शब्दापुढे आपला अदमास लिहायचा. कोश दुसऱ्या दिवशी. शेवटी ज्या शब्दांवर मतभेद उरला तेवढेच प्रसंग पुन्हा पाहायचे.

'कुंकू' या चित्रपटाचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेल्या या कथेत तरुण नीराचे लग्न फसवणुकीने काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशी लावले जाते, आणि ती त्याला पती मानण्याचे नाकारते. मराठी शिकू पाहणारी एक हिंदीभाषक विद्यार्थिनी आमच्यासोबत हा चित्रपट पाहण्यास बसली होती. तिच्या चतकोरावर पहिलाच शब्द 'कुंकू' होता, आणि दिवे लागल्यावर तिने त्यापुढे अदमास लिहिला: सिंदूर. हा अर्थ कथेत बसतो. किंबहुना इतका छान बसतो की त्याची चूक सहजी लक्षात येत नाही. पहिल्याच प्रसंगाला थांबून कोश पाहिला असता तरी कपाळाला लावायची लाल पूड एवढेच हाती लागून तिचा समज पक्का झाला असता.

वर्गात मात्र त्यावर वाद झाला. एका मुलीने विचारले, कुंकू तर आम्ही लग्नाआधीही लावतो, मग ते केवळ सौभाग्यचिन्ह कसे? सिंदूर भांगात भरतात, कुंकू कपाळावर रेखतात. शिवाय 'सिंदूर'चे मराठी रूप म्हणून तिने 'शेंदूर' शब्द वापरला असता, तर तो मारुतीला फासायचा ठरला असता. मग चर्चा शेवटाकडे वळली. काकासाहेब आपली चूक उमजल्यावर जीवन संपवतात आणि नीराने दुसरे लग्न करावे, अशी इच्छा पत्रात लिहून ठेवतात. मराठीत 'कुंकू' या शब्दाने नवराही सुचवला जातो, आणि कुंकू पुसणे म्हणजे वैधव्य येणे. म्हणजे मुलीच्या कपाळावर आधीपासूनच असलेली एक वस्तू लग्नानंतर नवऱ्याच्या मालकीची होते, आणि तो गेला की तीही जाते. चित्रपटाचा झगडा या मालकीशीच आहे. शीर्षकाचा शब्द पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या पत्रापर्यंत वाढत जातो, आणि त्याची पूर्ण व्याख्या गोष्ट संपल्यावरच मिळते. याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती काढताना प्रभातने शीर्षकात 'सिंदूर' घातला नाही. तिचे नाव 'दुनिया न माने' ठेवले. ही गोष्ट ऐकल्यावर त्या विद्यार्थिनीने आपला अदमास खोडला नाही. त्यापुढे 'नाही' असे लिहून ठेवले. आमच्या मते ती नोंद कोशातल्या उताऱ्यापेक्षा अधिक मोलाची होती.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अगदी नवशिक्याला ती चालत नाही. दर वाक्यात दोन-तीन शब्द अडत असतील तर अदमासाला टेकायला काही उरत नाही. त्याने गाण्यापासून आरंभ करावा, कारण गाणे लहान असते आणि पुन्हा ऐकता येते. पण गाण्यांचीही एक खोड आहे. संतगीतांतला 'वाव' म्हणजे व्यर्थ किंवा खोटे, आजचा 'वाव' म्हणजे संधी. 'आन' म्हणजे दुसरा, 'निके' म्हणजे चांगले. हे शब्द गाण्यातून शिकून कोणी बाजारात वापरू लागला तर हसे होईल. त्यात काळाचा अदमास गाण्यावरून लागतोच असेही नाही. 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग पुष्कळांनी तुकोबांचाच समजून गाथेत शोधला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९३६ साली लिहिलेले शब्द सतराव्या शतकातले वाटले, कारण कवीने बोली ती उचलली होती. म्हणून चतकोरावर शब्दाशेजारी जी प्रसंगाची खूण करायची, तिथेच तो बोलण्यात ऐकला की गाण्यात, हेही एका अक्षराने नोंदवून ठेवावे.

आणि सबटायटल वाचणाऱ्याचा कान झोपला आहे की जागा, हे कसे ओळखावे? आमची कसोटी साधी आहे. चित्रपट संपल्यावर चतकोर उलटा ठेवायला सांगावे आणि त्यावरचा एक शब्द मोठ्याने म्हणायला सांगावे. पात्राच्या सुरात, त्याच हेलात शब्द आला तर तो कानातून आला आहे. नुसता अर्थच आठवला आणि शब्द जिभेवर आला नाही, तर तो प्रेक्षक चित्रपट पाहत नव्हता, तळाच्या दोन ओळी वाचत होता. अशा वेळी पुढच्या खेपेला सबटायटल बंद करावे.

प्रभातच्या जागेवर १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी आहे, आणि दाते-कर्वे यांच्या कोशाची पाने आता संगणकावर उघडता येतात. चित्रपट आणि कोश यांच्यामधले ते अंतर बोटाच्या एका टोकाइतके उरले आहे. परंतु ते अंतर आपण ठेवले तरच शब्दाला गोष्टीत वाढायला सवड मिळते. कोश उद्याही तेथेच असेल. आज रात्री दिवे मालवावेत, एवढेच.